काल दिवसभर काय केलंत?

चित्रकलेत मी अगदी दगड आहे, हे आमच्या घरात सर्वांना पाठ. त्यामुळे इस्पितळाच्या स्वागतकक्षातली नोकरी सोडून अंतर्गत सजावटीचा कोर्स करते म्हटल्यावर आतोबा खदाखदा हसले. ते स्वतः सजावटकार, मोठं ऑफिस त्यांचं.

"अगं, साधा हत्ती काढता येत नाही तुला!"

बाबांनीही त्यांच्याच सुरात मान डोलावली. कोर्सच्या प्रवेशाची मुदत चार दिवसांवर होती आणि फी बाबाच भरणार होते.

मग आतोबांनीच "बोल यांच्याशी" म्हणून तीन सजावटकार मित्रांकडे पाठवलं. मी विचारलं, "हे क्षेत्र कसं आहे?" तिघांनीही भाषण ठोकलं. जन्मजात दृष्टी, रंगांची साधना, कलेचा ध्यास. रडवेली होऊन परतले मी. चूक माझीच होती. असा प्रश्न विचारला की माणूस सत्काराला उत्तर द्यायला उभा राहतो.

चौथी मी स्वतः शोधली, आठ वर्षं काम करणारी एक सजावटकार. नोकरी मागणार नाही, फक्त वीस मिनिटं द्या, असं कळवलं होतं. तिला विचारलं, "काल दिवसभर काय केलंत?"

ती हसलीच. "काल? सुतार आला नाही, त्याच्यामागे सकाळ गेली. फरशी वेगळ्याच छटेची आली, ती परत पाठवली. नवरा-बायकोत ओट्याच्या उंचीवरून जुंपली, ती मिटवली. मापं पुन्हा घेतली."

"आणि चित्र?"

"आराखडे कॉम्प्युटरवर होतात, ते कोर्समध्ये शिकवतात. काल अर्धा तास मिळाला त्याला. कंटाळवाणं वाटलं ना?"

कंटाळवाणं? रोज चिडलेल्या नातेवाइकांना शांत करणं, न येणाऱ्या डॉक्टरांना फोन करकरून आणणं, हेच तर मी करत आलेय! पण एकीवर विसंबू नये म्हणून आणखी दोघींना तोच प्रश्न विचारला. तपशील वेगळे, दिवस तसाच. माझं डोकंच फिरलं. कशाच्या जोरावर मला या कामाला नालायक ठरवलं होतं?

मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी आत्याकडे आम्ही सगळे जमलो.

"काय, शिकलीस का हत्ती?" आतोबांनी डोळे मिचकावले.

"आतोबा, काल दिवसभर तुम्ही काय केलंत?"

"मी? म्हणजे... आमचं काम सर्जनशील असतं, बाळा..."

"काल, आतोबा. कालचं सांगा."

ते चष्मा पुसू लागले. आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "काल? दिवसभर फोनवर त्या रंगाऱ्याशी भांडत होते! पेन्सिल धरलेली तर मी कित्येक वर्षांत पाहिली नाही!"

मला हसू येत नव्हतं, संताप येत होता. स्वतः रोज जे करतो तेच लपवून हा माणूस मला हत्ती काढायला लावत होता!

बाबांनी आतोबांकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "फी कुठे भरायची गं?"