चार हजार नग

जुलैच्या पहिल्या सोमवारी गोपाळराव बोंडेंनी मार्तंडला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. सरळ चोर असं म्हटलं नाही. म्हणाले, "पत्रा जाते कुठं, हे मले आता पाहा लागन." पण कोणाला म्हटलं ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

वाडीत, अमरावती रोडच्या ट्रकांच्या रांगेमागे, त्यांचा कूलरचा कारखाना होता. दोनच माल निघायचे. पत्र्याचा मोठा कूलर आणि प्लॅस्टिकचा छोटा. मार्तंड पत्र्याच्या शेडचा फोरमन. वेल्डिंग करणारे बारा जण त्याच्या हाताखाली. त्या सकाळी तो हातातली टोपी मांडीवर ठेवून बसला होता आणि त्याचा चेहरा हळूहळू काळवंडत गेला.

गोपाळरावांच्या उजव्या हाताला त्यांचा मुलगा विक्रम बसला होता. विक्री त्याच्याकडे. समोर वैदेही, कारखान्याची कॉस्ट अकाउंटंट. पाच वर्षं झाली होती तिला इथे.

"चार हजार नग विकले की वीस लाख सुटतील, असं ठरलं होतं," गोपाळराव म्हणाले. "या हंगामात विकले चव्वेचाळीसशे. अन् हाती आले सहा लाख. चौदा लाख कुठं गेले? जास्त माल विकून कमी पैसे येतात, असं कधी झालं काय?"

"झालंय बाबा," विक्रम म्हणाला. "पत्र्याच्या शेडमधी नासाडी हाय. म्हणून म्हणतो, ते शेड बंदच करू. पत्र्याचा कूलर आता कोण घेते? छोटा पाहा, कसा उठून राहिला. शेडचं भाडं, त्या बारा जणांचा पगार, सगळे पंधरा लाख वाचतात."

मार्तंड म्हणाला, "साहेब, आमाले सांगतलं होतं, चार हजार झाले की सगळ्यायले एक पगार बोनस. आमी मे महिना घरी गेलो नाही. आता बोनस तर नाहीच, वरून नाव पण खराब."

"नफाच नाही तर बोनस कुठून देऊ गा?" गोपाळराव म्हणाले.

वैदेहीला राग आला. चार हजाराचा आकडा तिचाच होता. जानेवारीत तिने तो याच खोलीत सांगितला होता आणि सोबत एक अटही सांगितली होती. आकडा शेडच्या भिंतीवर रंगवला गेला. अट कोणी रंगवली नाही.

"चार हजार हे निम्मे पत्र्याचे आणि निम्मे प्लॅस्टिकचे असले तरच, असं मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "विक्रम, तू इथेच बसला होतास."

"कूलर तो कूलर," विक्रम म्हणाला.

"नाही." वैदेही म्हणाली. "पत्र्याचा कूलर आठ हजाराला जातो. त्याला लागणारा माल, रोजंदारीची मजुरी, वाहतूक, तुझं कमिशन, सगळं मिळून पाच हजार. उरतात तीन हजार. छोटा चार हजाराला जातो, तीन हजार खर्च, उरतो एक हजार. भाडं, पगार, व्याज असे वर्षाचे साठ लाख एकही नग विकला नाही तरी द्यावेच लागतात. निम्मे-निम्मे विकले तर नगामागे सरासरी दोन हजार सुटतात. म्हणजे तीन हजार नगांवर ना नफा ना तोटा. चार हजारांवर वीस लाख. वर हजार नगांचा आधार, म्हणजे विक्री चौथा हिस्सा घसरली तरी आपण तोट्यात जात नव्हतो."

"मंग?" गोपाळराव म्हणाले.

"मग विक्रमने काय विकलं ते विचारा त्याला."

तिने त्याची वाट पाहिली नाही. तीच बोलली. "पत्र्याचे अकराशे. प्लॅस्टिकचे तेहतीसशे. एकास तीन. आता नगामागे सरासरी सुटतात पंधराशे. साठ लाख भरून काढायलाच चार हजार नग लागले. भिंतीवर जो आकडा नफ्याचा म्हणून लिहिलाय, तिथे या वेळी एक रुपयासुद्धा नफा नव्हता. त्यावरचे चारशे नग गुणिले पंधराशे, सहा लाख. चौदा लाख कुठेही गेले नाहीत. ते आलेच नाहीत. पत्रा जेवढा लागायला हवा तेवढाच लागलाय, मी दर महिन्याला तपासते."

गोपाळरावांनी एक कागद ओढून घेतला आणि आकडे लिहून पाहिले.

"याच प्रमाणात विकत राहिलो तर वीस लाखांसाठी त्रेपन्नशे चौतीस नग लागतील," ती म्हणाली. "आणि विक्री दहा टक्के जरी घसरली तरी आपण तोट्यात. जानेवारीच्या हिशोबात पंचवीस टक्के घसरणीला जागा होती."

"शेड बंद केलं तर साठाचे पंचेचाळीस होतात ना?" गोपाळराव सावकाश म्हणाले.

"होतात. आणि तीन हजार देणारा माल जातो. नुसत्या छोट्या कूलरवर पंचेचाळीस लाख काढायला पंचेचाळीसशे नग. विक्रमने एवढं करून विकले तेहतीसशे. बारा लाखांचा तोटा. वीस लाख हवे असतील तर साडेसहा हजार विकावे लागतील, म्हणजे आजच्या जवळजवळ दुप्पट."

गोपाळराव मुलाकडे वळले. "पत्र्याचे काहून नाही विकले तू?"

"डीलर घेत नाहीत, बाबा."

"विचारलं काय त्यायले?"

विक्रमला नगामागे पन्नास रुपये कमिशन होतं, कूलर मोठा असो की छोटा. मोठा कूलर विकायला डीलरकडे दोन-दोन फेऱ्या माराव्या लागायच्या, छोटे टेम्पोभर एका फोनवर जायचे. हे त्याने सांगितलं नाही, पण त्याच्या बापाने ते ओळखलं. गोपाळरावांचा हात टेबलावर आदळला आणि चहाचा कप उलटला.

"मी या माणसाले पत्र्याबद्दल विचारून राहिलो," ते म्हणाले, "अन् तू बाजूले बसून ऐकून राहिला. लाज नाही वाटली तुले?"

त्यानंतर बराच वेळ बापलेकांचं चाललं. वैदेही आणि मार्तंड उठून बाहेर आले.

निर्णय त्याच आठवड्यात झाले. शेड चालूच राहणार. विक्रमचं कमिशन नगावर नाही, प्रत्येक कूलरमागे जे सुटेल त्यावर. भिंतीवरचा आकडा पुसला. बोनस अर्धा मिळाला. उरलेला अर्धा पुढच्या हंगामानंतर, असं गोपाळराव म्हणाले, आणि आपण मोठं मन दाखवतोय असं त्यांना वाटत होतं.

मार्तंडने अर्धा बोनस घेतला आणि महिनाभराची नोटीस दिली. उमरेड रोडवर एका फर्निचरवाल्याकडे त्याला काम मिळालं होतं.

गोपाळरावांनी वैदेहीला त्याच्याकडे पाठवलं. "तुमचं ऐकन तो. सांगा त्याले, झालं गेलं विसरून जा म्हणा."

ती शेडमध्ये गेली. मार्तंड एका नव्या पोराला कोपरा कसा धरायचा ते दाखवत होता. तिने निरोप सांगितला.

"ते स्वतः काहून नाही आले मॅडम?"

पोराला बाजूला सारून मार्तंड तिच्याकडे वळला.

"तुमी हिशोब सांगतला, बरं केलं. पण समजा हिशोब तुमाले जमला नसता तर? मंग मी चोरच राहिलो असतो ना? सोळा वर्षं झाली मले इथं." त्याने मास्क खाली ओढला. "हटा थोडं, डोळ्याले लागन."

ती वर आली. गोपाळरावांनी विचारलं, काय म्हणाला तो.

"म्हणाला, तुम्ही का नाही आलात."

"मी मालक हाव," ते म्हणाले.

"माहीत आहे," वैदेही म्हणाली. "शेड तुम्ही वाचवलं. ते चालवणारा माणूस चाललाय. त्याच्याशिवाय पुढच्या हंगामात पत्र्याचे दोन हजार कूलर निघतील, असं मी मात्र लिहून देणार नाही."

गोपाळराव खाली शेडकडे गेले नाहीत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मार्तंड गेला आणि त्याच्यामागून वेल्डिंगवाल्या बारांतले चौघे गेले. वैदेहीने नव्या हंगामाचा हिशोब मांडला तेव्हा तिचा राग जराही कमी झालेला नव्हता. उरलेल्या आठ जणांकडून निघतील तेवढे, म्हणजे पत्र्याचे कूलर तिने तेराशेच धरले आणि वीस लाखांच्या नफ्याला छोटे किती लागतील ते काढलं. एक्केचाळीसशे आले, म्हणजे विक्रमने या हंगामात विकले त्याहून आठशे जास्त. तो कागद तिने गोपाळरावांच्या टेबलावर ठेवला आणि वाचून होईपर्यंत समोरच उभी राहिली.