वीस टक्के कशाचे?

विभागप्रमुखांनी त्या पोरीच्या कामाचा कणाच मोडला, आणि वर म्हणाले, "सुटसुटीत केलंय." अशा सुटसुटीतपणाला आमच्याकडे खाटीकखाना म्हणतात.

पोरगी वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाची. विषय: गर्भनिरोधक गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका किती, याच्या संशोधनाचा आढावा. पहिला मसुदा तिनं मार्गदर्शक बाईंपुढे ठेवला तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला होता. एका शोधनिबंधाला एक परिच्छेद.

"हा आढावा आहे की हजेरीपट? सगळे 'हजर' म्हणून बसलेत, एकमेकांशी बोलतंय कोण?"

"पण बाई, ते भांडतायत. एक म्हणतो धोका आहे, दुसरा म्हणतो नाही."

"मग भांडण कशावरून ते शोध की, बये!"

पोरीनं शोधलं. तक्ता आखला, निबंध आडवे मांडले, प्रश्न उभे: आज गोळी चालू आहे का? किती वर्षं घेतली? सोडून किती काळ झाला? आणि भांडण उघडं पडलं. 'धोका नाही' म्हणणाऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी गोळी सोडलेल्या बायकाही आज गोळी घेणाऱ्यांच्याच टोपल्यात टाकल्या होत्या. वेगळ्या केल्यावर चित्र जुळलं: चालू असताना धोका थोडा, साधारण वीस टक्क्यांनी जास्त, बहुतेक अभ्यासांत वर्षांबरोबर वाढणारा, सोडल्यावर उतरणारा, दहाएक वर्षांत जवळजवळ नाहीसा. जुन्या, जास्त मात्रेच्या गोळ्या तिनं बाजूला काढल्या. गोळी घेणाऱ्यांची तपासणी जास्त होते, म्हणून आजारही जास्त सापडत असेल, ही शंकाही वेगळी नोंदवली. बाईंना वाटलं, आपल्याला वीस वर्षांत हे असं कुणी करून दाखवलं नव्हतं. ऊर भरून आला, पण तोंडावर त्या एवढंच म्हणाल्या, "शुद्धलेखन बघ."

आणि आज विभागाच्या बैठकीत विभागप्रमुख साहेबांनी तक्त्यातले ते उभे प्रश्न खोडून एकच ठेवला: गोळी कधी घेतली का, हो की नाही. निष्कर्ष आपल्या हातानं लिहिला: 'गोळीनं धोका वीस टक्क्यांनी वाढतो.' खाली नाव पोरीचं. हाच मजकूर आता बाह्यरुग्ण विभागात बायकांना पत्रक म्हणून वाटायचा होता.

"ठसका पाहिजे मथळ्याला," साहेब हसले. "तुझंच नाव गाजेल."

बाई उठणार, तोच पोरगी उठली. मान ताठ.

"माझं नाव खोडा, सर."

बाईंनी हात मांडीखाली दाबून धरले, नाहीतर टाळी वाजली असती.

"तरुण बाईला मुळात धोका लहान. त्याचे वीस टक्के म्हणजे दहा हजार जणींमागे वर्षाला साधारण एखादी रुग्ण जास्त. हे न सांगता हा कागद वाटला, तर बायका घाबरून गोळी सोडतील, नको असताना दिवस जातील. त्यांना कोण सांभाळणार? तुमच्या मथळ्यात ते कुठंय?"

"बस खाली."

"बसते. आधी सांगा, सर: वीस टक्के कशाचे? आणि गोळी सोडलेल्या बाईचं काय? उत्तर द्या."