घरात कुणी उरता कामा नये

चिमणीला चिमणी म्हणायचे ते तिच्या चणीमुळे नव्हे, तोंडामुळे. सकाळी डोळे उघडल्यावर सुरू झालेली चिवचिव उशीवर डोकं टेकलं तरच थांबायची. गेल्या वर्षापर्यंत हा सगळा तोरा घरच्या घरी होता. वर्गात बाईंनी काही विचारलं की ही बाकाखाली पडलेलं पेन शोधायला लागायची. पण नववीत गेली, वक्तृत्वात बक्षीस घेऊन आली, आणि तेव्हापासून भूमिती सोडली तर जगातलं सगळं आपल्याला जमतं असं तिचं ठाम मत झालं.

म्हणून मावशीने नव्या पोस्टरचा विषय काढला तेव्हा ती मध्येच म्हणाली, मी लिहिते.

मावशीची नाटकमंडळी म्हणजे हौशी लोकांचा मेळा. कुणी बँकेत, कुणी औषधाच्या दुकानात. संध्याकाळी तालीम, रविवारी दुपारी प्रयोग. नाटकाचं नाव 'पाहुणा कुठे लपवू?' एकाच घरातला प्रत्येक जण दुसऱ्यापासून एक एक पाहुणा लपवतो आणि शेवटी सगळे पाहुणे एकाच कपाटात सापडतात, असा धुमाकूळ. नाटक झकास होतं. फक्त बघायला कुणी येत नव्हतं. आधीच्या प्रयोगांना नटांच्या बायका, नवरे आणि सासवा आल्या होत्या, आणि ही मंडळी हसली तीही घरात शांतता राहावी म्हणून. हॉलच्या मॅनेजरने तोंडावर सांगून टाकलं होतं, की या रविवारी हॉल भरला नाही तर दुपारची वेळ नाचाच्या क्लासला जाईल. मावशी एकटी राहायची, चिमणीच्या वरच्याच मजल्यावर. रविवारची ती दुपार गेली तर तिच्याकडे आठवडाच कसला उरला असता.

जुनं पोस्टर चिमणीने जमिनीवर पसरलं आणि त्याची साफ हजामत केली. सगळ्या नटांची नावं, सगळ्यांचे चेहरे, आभार, वर 'हास्याचा धबधबा'. शनिवारी सकाळी एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताला ओढणारं पोरगं घेऊन चाललेली बाई एवढं वाचायला थांबेल का, असं तिने मावशीला विचारलं. रस्त्याच्या पलीकडून दिसेल अशी एकच ओळ हवी. ती ओळ बाईला थांबवेल. मग खाली, बाईच्या मनात जे प्रश्न येतील त्यांचीच उत्तरं, त्याच क्रमाने: मुलांना चालेल का, किती वेळ, घरी कधी पोचू, तिकिटासाठी फोन कुणाला करू. नटांची नावं बारीक, तळाशी. नटांचे चेहरे मुळीच नकोत. मावशीने कपाळाला हात लावला, कारण चेहरे काढायचे म्हणजे मंडळींत रुसवेफुगवे. पण ऐकलं.

दोन दिवस पेन चावून चिमणीने ओळ काढली:

'या रविवारी घरात कुणी उरता कामा नये.'

चित्रात रिकामा सोफा आणि सताड उघडं दार. खाली लिहिलं, 'सगळं कुटुंब एकत्र हसेल असं दोन तासांचं धमाल नाटक. मुलांना आणा, आजोबांना आणा, रुसलेल्यांना तर आणाच. दुपारी चारला सुरू, जेवणाच्या वेळेआधी घरी.'

छापखान्याच्या काकूंनी छापण्याआधीचा नमुना काढून दिला, फोन नंबरचा एक एक आकडा बोटाने तपासून घ्यायला लावला, आणि मग त्यांचं बोट वरच्या ओळीवर येऊन थांबलं.

"'उरता' नको गं. 'राहता' कर."

चिमणी म्हणाली, राहता म्हटलं तर घरमालकाची नोटीस वाटते. उरताला कसा चावा आहे.

"चावा आहे म्हणूनच म्हणते," काकू म्हणाल्या. "राहतात ती माणसं. आणि सगळी माणसं बाहेर पडल्यावर घरात जे असतं ना, ते उरतं. त्याला कशाला बोलावतेस?"

काकू दिवसभर शाईच्या वासात बसतात, त्यांच्या डोक्यात काहीबाही येणारच, असं चिमणीला वाटलं. तिने नमुन्यावर झोकात सही केली. दुसऱ्या दिवशी पोस्टरं वाण्याच्या काचेवर, वाचनालयाच्या दारात, शाळेच्या फाटकाशी लागली.

आणि फोन वाजायला लागला.

तिकिटांचा फोन शाळेनंतर चिमणीकडे असायचा. पहिली बाई म्हणाली, आम्ही चौघं. मागे कुणीतरी कुजबुजलं. मग बाई म्हणाली, पाच तिकिटं द्या. पुढच्या माणसाचंही तेच: घरात तिघं, तिकिटं चार. चिमणीने खुशीत येऊन विचारलं, पाहुणे आलेत वाटतं? तो म्हणाला, नाही, पाहुणे नाहीत, जुनंच आहे. एका आजींनी भिंतीलगतची खुर्ची मागितली, कारण त्याला मोकळ्यात बसायची सवय नाही. एका गृहस्थाने नाटक कशाबद्दल आहे हे विचारलंच नाही. आत पूर्ण अंधार करतात ना, एवढं मात्र दोनदा विचारलं.

लोक गमतीशीर असतात, असं ती मावशीला हसत हसत सांगायला गेली. मावशी हसली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, आणखी एक तिकीट माझ्या नावावर ठेव. चिमणी म्हणाली, तू तर विंगेत असणार. मावशी म्हणाली, ठेव.

रविवारी हॉल गच्च भरला. निदान तिकीटबारीच्या हिशेबाने. चिमणी दाराशी तिकिटं फाडत होती आणि तिला दिसत होतं, की प्रत्येक कुटुंब आत येतंय, रांगेत बसतंय, आणि मध्ये एक खुर्ची सोडतंय. हॉलच्या खुर्च्या उठलं की आपोआप वर मिटणाऱ्या. या मधल्या खुर्च्या मिटलेल्या नव्हत्या. खाली होत्या, कुणी बसल्यासारख्या, आणि शेजारचे लोक कोपरं अंगाशी घेऊन बसत होते. चिमणीच्या आईच्या शेजारचीही तशीच. तिने आईला खुणेने विचारलं. आईने मान फिरवली.

तिसरी घंटा झाली, दिवे गेले.

बँकेतले काका मुख्य भूमिकेत होते. पहिला विनोद त्यांच्या तोंडात होता, अजून बाहेर पडायचा होता, आणि हॉल हसला. दबलेलं, कोरडं, एका श्वासाचं हसू. मग काका वाक्य बोलले, आणि आता मुलं, आया, बाप हसले, नेहमीसारखे. पुढच्या विनोदालाही तेच. आधी ते हसू, मग हे. मध्यंतरात काका विंगेत आले तेव्हा रंगाखालचा चेहरा पांढराफटक होता. ते म्हणाले, "त्यांना पुढचं माहीत आहे. मी आज एक वाक्य बदललं, कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी आधी हसले."

नाटक संपलं. टाळ्या जोरात पडल्या. कुटुंबं भराभर उठली, आणि कुणी मागे वळून पाहिलं नाही. बाहेर पडताना सगळ्यांचे खांदे कसे हलके झाले होते. एक बाप तर पायऱ्यांवर शीळ घालत उतरला. हॉल रिकामा झाला. त्यांच्या खुर्च्या खटाखट मिटल्या. मधल्या खुर्च्या खालीच राहिल्या.

तेव्हा चिमणीच्या डोक्यात उजेड पडला. लोक नाटकाला आले नव्हते. तिच्या ओळीने सांगितलं तेच त्यांनी केलं होतं. घरात उरलेलं आणून, इथे सोडून, मोकळे झाले होते.

मॅनेजर खूश होता, पुढचा रविवार त्याने लगेच दिला. पण मंगळवारच्या तालमीला बँकेतले काका दारातूनच परतले. रिकाम्या हॉलसमोर उभं राहून संवाद म्हणायचा आणि अंधारातून आधी हसू यायचं, हे आपल्याच्याने व्हायचं नाही म्हणाले. बाकीचेही एकेक करून कामाच्या सबबी सांगायला लागले. हॉल मिळाला होता, पण नाटक हातचं चाललं होतं.

फोन मात्र थांबला नव्हता. आता सूर वेगळा होता. पहिली बाई म्हणाली, आमचं काही राहिलंय का हो तिथे? चिमणीने विचारलं, छत्री का? बाई म्हणाली, छत्री नव्हे. "जिन्यावर रोज कुणीतरी असायचं," ती म्हणाली. "मी ओरडायचे त्याच्यावर. आता जिना नुसता जिना झालाय. मुलं तिथे खेळत नाहीत." तीन तिकिटांऐवजी चार घेणाऱ्याने सांगितलं, की घरात बोललं तर आवाज घुमतो. आजी नुसत्या रडल्या. परत कसं न्यायचं, हे कुणालाच विचारता येत नव्हतं. सोडून गेल्याची लाज वाटत होती.

चिमणी बुधवारी शाळेतून थेट हॉलवर गेली. मावशी तिथेच होती, पहिल्या रांगेपासून लांब, भिंतीला टेकून. दुपारचं ऊन वरच्या झरोक्यातून पडलं होतं, आणि त्या खुर्च्या तशाच, वाट बघत. चिमणीला पळून जावंसं वाटत होतं. पण ओळ तिची होती. रुसलेल्यांना तर आणाच, हेही तिचंच. तिने उरलेलं एक पोस्टर उलटं केलं, जाड पेन घेतलं. बाहेरच्या लोकांसाठी लिहून आता उपयोग नव्हता. या वेळी वाचणारे आत बसले होते. ते कोण आहेत, त्यांना काय हवं असेल, याचा तिने पहिल्यांदाच विचार केला. मग कौशल्य बाजूला ठेवून साधं लिहिलं, आणि कागद रंगमंचावर, खुर्च्यांकडे तोंड करून, पडद्याला टाचला:

'तुमच्या घरचे वाट बघतायत.'

काही झालं नाही. बाहेर कुठेतरी गाडीचा हॉर्न वाजला. मग मागच्या रांगेत, भिंतीलगतची एक खुर्ची मिटली. खट. नंतर मधली. मग दोन्ही बाजूंनी खट, खट, खट, घाई न करता, रांगेतून वाट काढत जाणाऱ्यांसारखं. चिमणीच्या गालावरून गार वारा गेला, आणि त्याला कुणाच्या तरी जिन्याच्या जुन्या लाकडाचा वास होता. आईच्या शेजारची खुर्चीही मिटली.

एकच उरली. मावशीच्या नावावर ठेवलेली.

चिमणीने पेन पुन्हा उघडलं. पण मावशी भिंतीपासून निघाली, रांगेत गेली, आणि त्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"माझ्या घरी कुणी वाट बघत नाही, असं वाटलं असेल तुला," ती म्हणाली. चिमणीशी नव्हे.

मग तिने पिशवी खांद्याला लावली, दिवे घालवले आणि दार उघडून धरलं. चिमणी बाहेर आली. तरी मावशीने दार सोडलं नाही, हळूहळू येणाऱ्या कुणासाठी धरावं तसं धरूनच ठेवलं. आत खट झालं.

मावशी चिमणीला जन्मात कधी अहोजाहो करत नव्हती. नेहमीचं तिचं एकच, चल गं.

आज ती म्हणाली, "चला."