उत्तर शून्यच

उत्तरसूचीत उत्तर होतं ०.३ आणि माझ्या गठ्ठ्यातल्या शहाण्या पोरांनी लिहिलं होतं शून्य. सूचीप्रमाणे त्यांचे चार गुण कापायचे. माझं डोकंच फिरलं.

प्रश्न साधा होता. शाळेत प्रत्येकानं एकच खेळ घ्यायचा. एखादं मूल पोहणारं असण्याची संभाव्यता ०.३, बुद्धिबळवालं असण्याची ०.४. निवडलेल्या मुलानं बुद्धिबळ घेतलंय हे कळलं, तर ते पोहणारं असण्याची संभाव्यता किती?

मी उठून मुख्य परीक्षकांच्या टेबलापाशी गेले. मुख्य परीक्षक म्हणजे माझा सख्खा मामा. सूची त्यांनीच केलेली. पेपर तपासायच्या खोलीत मी त्यांना सरच म्हणते.

"सर, सूची चुकलीय."

"दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही," ते मान वर न करता म्हणाले. "म्हणजे स्वतंत्र. गुणाकार ०.१२, भागिले ०.४, उत्तर ०.३. जा, गठ्ठा संपव."

"०.१२ म्हणजे शंभरातली बारा मुलं दोन्ही खेळांत. प्रश्नात तर एकही नाही."

"अगं, शून्य उत्तर येईल असा प्रश्न कोण काढेल?"

"कोणी का काढेना. आणि संबंध नाही कसा? एक घडली की दुसरीचं दार बंद, याहून घट्ट संबंध कोणता? या परस्पर अपवर्जक घटना आहेत. स्वतंत्र असत्या तर बुद्धिबळाचं कळून पोहण्याच्या ०.३ मध्ये काही फरक पडला नसता. इथे त्याचं थेट शून्य होतंय."

खोलीतली पेनं थांबली. मामांचे कान लाल झाले. सगळ्यांदेखत भाचीनं तोंड वर करून बोलावं, हे त्यांना झोंबणारच. मला वाईट वाटलं, पण मागे हटायची इच्छा मुळीच नव्हती.

"सूची मंजूर झालीय. तपासनीसाचं काम तपासायचं."

"तेच करतेय. बरोबर उत्तरावर मी काट मारणार नाही. हवं तर मला आत्ता घरी पाठवा."

"तुला गणित कुणी शिकवलं गं?" त्यांचा आवाज चढला.

"तुम्ही. म्हणून तर ऐकत नाहीये."

शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "सर, माझ्याकडेही शून्यवाले आहेत. मीही काट मारणार नाही."

मामांनी प्रश्न पुन्हा वाचला. 'एकच' या शब्दावर त्यांचं बोट बराच वेळ राहिलं. मग त्यांनी ०.३ खोडलं, वर शून्य लिहिलं, सही केली आणि दुरुस्ती सगळ्यांना वाचून दाखवली.

सूची माझ्या हातात देताना ते हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी तुला बोलावणार नाही."

"नका बोलावू," मी म्हटलं. जागेवर येऊन मी पहिला शून्यवाला पेपर ओढला आणि त्याला चारपैकी चार दिले.