माझ्या अंगावरचा काळा डाग

मित्रांनो, मी लंडनमधले एक जुने ओकचे टेबल आहे. आज माझ्यावर मासे साफ करतात. पण माझी उमेदीची वर्षे डॉर्कस पेलबाईंच्या कॉफीघरात गेली. माझ्या कडेला एक खोल, काळा डाग आहे. मला सगळ्यात प्रिय आहे तो डागच.

आमच्याकडे दारात एक पेनी दिली की कोणीही आत येई आणि रिकामी दिसेल त्या जागी बसे. सरदार आला तरी मोच्याने उठायचे नाही, असा रिवाज होता. सरकारी करामुळे वर्तमानपत्रे महाग झाली होती. म्हणून लोक ती इथे येऊन वाचत. केसांचे टोप विणणारे म्हातारे फ्रेनबाबा मोठ्याने वाचून दाखवत, त्यामुळे एका अंकावर पन्नास माणसे वाद घालत.

त्या वादात एक दिवस डॉर्कसबाईंचा भाऊ जेबेझ आला. तो स्वतः नाही, त्याच्या मरणाची बातमी. तो आरमारात खलाशी होता. जहाजावरचे खारवलेले मांस इतके जुने होते की खलाशी त्याची बटणे कोरत, असे त्याने कळवले होते. तेच खाऊन तो गेला. ते मांस पुरवणारा ठेकेदार हॉस्किन रोज माझ्याशीच बसे.

बाईंनी त्याला जाब विचारला.

"समुद्रावर माणसे मरतातच, बाई," तो म्हणाला. "कॉफी गरम आणा." आणि पाइपमधला निखारा त्याने माझ्यावर झटकला. मी जळलो. त्या दिवसापासून आम्ही दोघे एकाच माणसाचा सूड मागत होतो.

बाईंनी माझ्यावर कागद पसरला. फ्रेनबाबांनी बजावले, "पूर्ण नाव लिहू नका. बदनामीचा खटला होईल आणि छापणारा तुरुंगात जाईल."

"मग?"

"पहिले अक्षर, मग रेघ, मग शेवटचे. लोकांना वाचता येते."

पत्र छापून आले. ठेकेदाराचे नाव होते 'हॉ—न' आणि खाली सही होती 'खलाशाची बहीण'. त्यात एवढेच होते: 'मांस कुजके होते आणि माझा भाऊ मेला.' फ्रेनबाबा रेघेपाशी थांबले आणि खोकले. सगळ्यांच्या माना हॉस्किनकडे वळल्या.

तो गप्प बसला असता तर गोष्ट आठवड्यात विझली असती. पण चार लोक आपल्याविषयी काय बोलतात, हे त्याला सोसवेना. त्याने उत्तर धाडले आणि सही केली 'निःपक्षपाती'. फ्रेनबाबांनी तेही वाचले. 'हे ठेकेदार सज्जन आहेत. मांसाच्या पिंपांवरच्या जुन्या तारखा केवळ स्वच्छतेसाठी तासल्या होत्या.'

माझ्याशी बसलेल्या एका मोच्याने कॉफीची वाडगी खाली ठेवली.

"तारखांचे कोण बोलले होते?" मोची म्हणाला.

"कोणीच नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी जुना अंक माझ्यावर नव्याशेजारी ठेवला. "शोधा. एक शब्द नाही."

"म्हणजे तासल्या हे याला ठाऊक," फ्रेनबाबा म्हणाले. "हा निःपक्षपाती पिंपांच्या फारच जवळ राहतो."

हशा रस्त्यापर्यंत गेला. तिथून तो दुसऱ्या कॉफीघरात गेला. टपालाच्या घोड्यावरून अंक पोर्ट्समथला आणि ब्रिस्टलला पोचले. तिथल्या वर्तमानपत्रांनी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापले. मग खलाशांच्या बायकांची, पिंपे बांधणाऱ्यांची उत्तरे येऊ लागली. 'आमच्याही पिंपांवर तासल्याच्या खुणा होत्या.' एका बाईचे दुःख होते, ते आता देशाचे मत झाले होते. आरमाराच्या कचेरीला ते मत ऐकावे लागले. हॉस्किनचा ठेका गेला. वॉर्डाच्या निवडणुकीत तो उभा राहिला, तेव्हा त्याच्यासाठी एकही हात वर झाला नाही.

त्यानंतर तो एकदा आला. पेनी देऊन नेहमीच्या जागी बसला. रिवाजाप्रमाणे कोणी त्याला हाकलले नाही. फक्त दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या वाडग्या घेऊन पलीकडच्या टेबलाशी गेले.

बाईंनी स्वतः कॉफी आणली आणि माझ्या काळ्या डागावर ठेवली.

"गरम आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "आणि हा आजचा अंक. आता मधली रेघ गाळली आहे, पूर्ण नाव छापले आहे."

त्याने अंक पालथा घातला आणि कॉफी न पिताच तो उठला. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला फार बरे वाटले. अजून वाटते.

बाई गेल्या, कॉफीघर बंद पडले आणि मी मासळीबाजारात आलो. परवा नवा मालक सुताराला म्हणाला, "हा डाग रंध्याने काढून टाक. स्वच्छ दिसेल."

मला रोज पुसा, तेल लावा, पावसात ठेवू नका. पण तो डाग तासू नका, मित्रांनो. स्वच्छतेसाठी तासणारा एक माणूस माझ्याशी बसून गेला आहे.