खांब मागे गेले तेव्हा

ठेकेदार लॉन्ड्रीत शिरला आणि पहिली लाथ त्याने धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्याला मारली. मागून त्याची चार माणसं आली, दोघांच्या हातात लोखंडी रॉड. एकाने आत येता येता कपडे धुण्याच्या मशिनची काच फोडली. साबणाचं पाणी फरशीवर धो धो वाहायला लागलं.

"शेड रिकामी करायची. आत्ताच्या आत्ता," ठेकेदार म्हणाला.

ताई इस्त्रीच्या टेबलामागे उभी होती. हातात गरम इस्त्री, समोर कोणाचा तरी शर्ट. बाई घाबरली होती, खोटं कशाला सांगा! पण ती शेडसाठी घाबरली नव्हती. ती घाबरली होती भावासाठी. मागच्या दाराजवळ तो शर्टाच्या बाह्या वर करत होता. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. आणि त्या वेड्याला ते खरंच वाटायचं.

या शेडची गोष्ट आधी ऐका. शहराबाहेर कॉलेज येणार म्हटल्यावर ठेकेदाराने मोठ्या फाटकासमोर ओळीने गाळे बांधले. सगळ्यांनी वाहवा केली. ताईने मात्र मोठ्या फाटकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती हॉस्टेलच्या बांधकामाभोवती हिंडत राहिली. तिला दिसलं, की खोल्यांना बाल्कनी नाही, गच्चीच्या दाराला कुलपाची कडी, आणि दोरी बांधायला टीचभर जागा नाही. मग इतकी पोरं कपडे वाळत कुठे घालणार? हॉस्टेलचं दारही मागच्या गल्लीत उघडत होतं आणि तिथेच बस थांब्याचा चौथरा ओतला जात होता. एवढ्यावर उडी मारणारी ती नव्हे. दुसऱ्या गावच्या जुन्या हॉस्टेलबाहेर जाऊन बसली, पोरांना विचारलं, किती जण कपडे बाहेर देतात, कितीला देतात. मग परत येऊन गल्लीतली ही पडकी शेड भाड्याने घेतली.

कॉलेज सुरू झालं. मोठं फाटक पाहुण्यांच्या गाड्यांपुरतं उघडायचं, पोरं सगळी गल्लीतून. ठेकेदाराच्या गाळ्यांत कुत्री झोपायला लागली आणि ताईच्या मशिनना उसंत मिळेना. तेव्हापासून ठेकेदाराच्या पोटात दुखत होतं. शेडमालकाला त्याने दम देऊन फोडलाच होता. उरली होती ताई.

आता खरी मेख. काही दिवसांपूर्वी विजेची माणसं आली आणि नवे खांब शेडच्या पुढे न रोवता पार मागे रोवून गेली. गल्लीतले लोक हसले, म्हणाले, भांग पिऊन आले असतील. ताई हसली नाही. समोरच्या भिंतीवर लाल रंगाची खूण होती, तशीच शेडच्या मागच्या भिंतीवर. मोजणीवाल्याला पाणी देता देता तिने विचारून घेतलं. रस्ता रुंद होणार होता. शेड पूर्ण जाणार होती. खांबांच्या मागचं जुनं गॅरेज मात्र थेट रस्त्यावर येणार होतं. गॅरेजवाल्या म्हाताऱ्याशी बोलणं झालं होतं, फक्त करार उद्या व्हायचा होता.

पैलवानाला तिने यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. मागे बाजार दुसरीकडे हलणार ही खबर त्याने न्हाव्याकडे दाढी करताना सांगून टाकली आणि संध्याकाळपर्यंत त्या नव्या जागेची भाडी भडकली. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता, सही झाल्याशिवाय घरातसुद्धा बोलायचं नाही.

"ऐकू येत नाही का?" ठेकेदाराने एकाच्या हातातला रॉड घेऊन टेबलावर आपटला.

"देते," ताई म्हणाली. "कपडे तेवढे बाहेर काढू दे. पैलवान, बाजूला हो."

पैलवान बघतच राहिला. "देते म्हणजे? ताई, ही जागा तू शोधलीस! यांच्या बापाची आहे का?"

"बाजूला हो म्हणते ना!"

"माझ्या मढ्यावरून जा म्हणावं यांना!" आणि तो टेबलासमोर येऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून.

एक वाक्य पुरलं असतं. अरे, ही शेड पडणारच आहे. एवढंच. शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण ठेकेदार हाताच्या अंतरावर उभा होता. त्याने ऐकलं असतं तर संध्याकाळच्या आत गॅरेज गिळलं असतं. उद्यापर्यंत कळ काढायची होती. मारतील एखादी थप्पड, तिने मनाशी म्हटलं. आणि ती गप्प राहिली.

थप्पड नव्हती. दोघांनी पैलवानाला धरलं आणि टेबलावर उपडा पाडला. त्याने एकाच्या मनगटाचा लचका तोडला, तसा दुसऱ्याने त्याचा उजवा हात ताणून टेबलाच्या कडेवर दाबला. ठेकेदाराने स्वतः रॉड उचलला.

"पडणार आहे!" ताई किंचाळली. "शेड पडणार आहे, रस्त्यात जाणार आहे, सोडा त्याला!"

"आता थापा मारतेस होय?" ठेकेदार हसला आणि रॉड खाली आणला. मग पुन्हा आणला. हाड मोडल्याचा आवाज मशिनच्या घरघरीतही ऐकू आला. पैलवान ओरडला नाही, त्याच्या घशातून नुसती हवा बाहेर आली. रक्त पांढऱ्या शर्टावर पसरलं.

ताईच्या हातात इस्त्री होतीच. तिने ती ठेकेदाराच्या गालावर टेकवली आणि सारा जोर लावून दाबून धरली. कातडी चरचरली. तो गुरासारखा ओरडत साबणाच्या पाण्यात आडवा झाला, तरी तिने सोडलं नाही. माणसांनी रॉडने तिची पाठ फोडली तेव्हाच ती बाजूला पडली. मग बसची वाट बघणारी पोरं धावत आली आणि ते चौघे ठेकेदाराला उचलून पळाले.

पोलीस आले, दोन्ही बाजूंनी तक्रारी झाल्या. चेहऱ्याला पट्ट्या बांधून ठेकेदाराने शेड घेतलीच. ताईने ती भांडण न करता सोडली. त्याने नवा पत्रा घातला, रंग मारला, खानावळ काढली. मग एक दिवस जेसीबी आला. त्याच्या खानावळीच्या भिंती सकाळीच खाली आल्या. काय शिव्या दिल्या त्याने! सगळी गल्ली बघायला जमली होती.

ताई गॅरेजच्या दारात उभी राहून बघत होती. करार ठरल्याप्रमाणे झाला होता. दारात रुंद रस्ता, आत नव्या मशिन. तिचा अंदाज बोटभरही चुकला नव्हता. शेजारी पैलवान उभा होता. डॉक्टरांनी हात वाचवला होता, पण बोटं मिटत नव्हती. इस्त्री काय, त्याला साधा चहाचा पेलाही त्या हाताने धरता येत नव्हता.

धूळ खाली बसली तेव्हा त्याला खांब दिसले. पडलेल्या शेडच्या मागे, नव्या रस्त्याच्या कडेला, सरळ ओळीत. त्याने डाव्या हाताने तिकडे बोट केलं.

"हे खांब आधी रोवले होते ना? मार बसायच्या आधी?"

"हो," ताई म्हणाली.

"मग तुला तेव्हाच माहीत होतं."

"मी ओरडले रे, सांगितलं मी..."

"रॉड उचलल्यावर सांगितलंस. आधी मी एवढा वेळ हात पसरून उभा होतो." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तुला भिंतीवरची खूण दिसते, खांब दिसतात, न झालेला रस्ता दिसतो. मी तुझ्यासमोर उभा होतो, ताई. मी नाही दिसलो?"

तिने त्याचा हात धरायला हात पुढे केला. त्याने आपला हात मागे घेतला आणि नव्या रस्त्यावरून सरळ चालत गेला.