सूर्यभानशेठचं नवं खातं

बेलापूरच्या दूध संघात धनश्री मॅडमना मागून सगळे "खोडा" म्हणायचे. कुणाचं बिल लेखा विभागात अडकलं की, "गेलं खोड्यात," असं म्हणत माणसं हसायची. धनश्रीला हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. पंधरा वर्षं मुख्य लेखापाल म्हणून बसलेल्या बाईला कुणी फुलपाखरू म्हटलं असतं, तर तिलाच काळजी वाटली असती.

दिवाळी तोंडावर आली होती. संघाच्या सभासदांना दिवाळीत रिबेट मिळतो. वर्षभर घातलेल्या दुधाच्या लिटरमागे काही पैसे, पण बारा महिन्यांचे एकदम हातात येतात, त्यामुळं गावोगावच्या घरात त्या पैशांवर आधीच कपडे, फराळ, कुणाचं लग्न, कुणाची फी असं सगळं ठरलेलं असतं. तारीख जाहीर झाली होती. पैसे संघाच्या चालू खात्यात जमा होते आणि त्या खात्यात सध्या त्याशिवाय फारसं काही नव्हतं.

अशात सूर्यभानशेठची मेल आली. दुधाच्या पिशव्यांची प्लास्टिक फिल्म त्यांच्या कारखान्यातून यायची, मोठमोठ्या रोलांमध्ये. मेलसोबत दोन बिलं होती आणि लेटरहेडवर पत्र होतं: आमच्या जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे, यापुढचे सर्व पैसे खालील नव्या खात्यात पाठवावेत, आज पैसे न मिळाल्यास पुढची गाडी निघणार नाही. खाली एक मोबाइल नंबर होता. दोन्ही बिलं मिळून तेवीस लाख होत होते.

धनश्रीनं पत्र वाचलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. सूर्यभानशेठ पैशासाठी धमकी देणारा माणूस नव्हता. पैसे लांबले तर तो स्वतः फोन करायचा, आधी पाऊसपाण्याची चौकशी करायचा, मग मुलांची, आणि शेवटी जाता जाता म्हणायचा, "बघा, जमलं तर." तिनं संघात नोंदलेल्या जुन्या नंबरावर फोन लावला. घंटी वाजली, कुणी उचलला नाही. पत्रातल्या नव्या नंबरावर मात्र तिनं फोन लावला नाही. ज्या कागदाचा संशय आहे, त्याच कागदाला खरंखोटं विचारायचं नसतं, हे तिनं फार पूर्वीच मनाशी पक्कं केलं होतं.

तिनं फोन खाली ठेवला नाही तोच चेअरमन राधाकृष्ण अण्णा आत आले. अण्णा मनानं मोकळे, रागानं तापट, आणि पॅकिंगची लाइन थांबेल या कल्पनेनंच त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं.

"धनश्रीबाई, फिल्म संपत आली हाय. सूर्यभाननं मलाबी मेसेज टाकलाय. पैसे सोडा."

"अण्णा, खातं बदललंय. खात्री झाल्याशिवाय मी नोंद भरणार नाही."

"खात्री मी केली. फोन केला हुता मी सोता. मानूस लई गोड बोलला. म्हनला, शेठ मीटिंगमधी हायत, खातं बरोबर हाय."

"कोणत्या नंबरावर केला?"

अण्णांनी खिशातला मोबाइल काढून पाहिला. "ह्यो. पत्रात दिलाय तो."

धनश्रीनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. त्या बघण्याचा अण्णांना भारी राग आला.

"आता असं बघू नका. उद्या पिशव्या न्हाईत म्हनून दूध काय घागरीत भरून इकायचं? संध्याकाळच्या आत पैसे गेले न्हाईत, तर लाइन थांबल्याचा जाब तुमालाच द्यावा लागंल. संचालक मंडळात मी तुमची बाजू घेनार न्हाई."

नोकरीची तिला भीती नव्हती असं नाही. घरी दोन मुली शिकत होत्या. पण पैसे गेले तर रिबेट जाणार, आणि तो परत आणायला कुणी देवसुद्धा येणार नाही, हे तिला त्याहून जास्त खुपत होतं. संघाच्या नेट बँकिंगला दोन हात लागायचे: भरणा तिनं तयार करायचा आणि अण्णांनी मोबाइलवरून मंजूर करायचा. तिच्याशिवाय अण्णांचं बोट काही करू शकत नव्हतं. आज तिला त्या नियमाचं फार बरं वाटलं.

"मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली. "बसा इथंच. तुमच्यासमोरच बघते."

अण्णा फणफणत बसले. तिनं आवक विभागातून बिभीषणला बोलावलं. बिभीषण स्टोअरकीपर, मालाची प्रत्येक गाडी त्याच्या वजनकाट्यावरून आत यायची आणि काट्याची पावती झाल्याशिवाय त्याच्याकडून रोल उतरायचा नाही. धनश्रीनं त्याच्यापुढं दुसरं बिल ठेवलं. "ह्या तारखेची गाडी आली होती का रे?"

बिभीषणनं तारीख पाहिली, मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं गेला, पानं मागं उलटली आणि हसला.

"मॅडम, ही तर सर्वपित्री अमावास्या. अमावास्येला सूर्यभानशेठ गाडी भरत न्हाईत. त्यांच्या वडलांपास्नं चालत आलंय. मागं एकदा मी घाई केली, तर मला म्हनाले, तुला पाहिजे तर चांदी देतो, पन आज माल देनार न्हाई. आमच्या वहीतबी त्या दिवशी त्यांची गाडी न्हाई."

अण्णा जरा सरळ होऊन बसले. अमावास्येची गोष्ट त्यांनाही ठाऊक होती. सूर्यभानशेठच्या मुलाच्या साखरपुड्याची तारीख ह्याच कारणानं बदलली होती.

"कधीतरी चुकून भरली असंल," ते म्हणाले, पण आवाजातली धार कमी झाली होती.

"बघू," धनश्री म्हणाली. तिनं मोबाइलवर ई-इन्व्हॉइस तपासायचं सरकारी ॲप उघडलं. मोठ्या पुरवठादारांच्या बिलावर जो काळापांढरा चौकोन असतो, तो स्कॅन केला की बिल सरकारकडं नोंदवलं गेलं त्या वेळचा नंबर, तारीख आणि रक्कम दिसते. कागदावरचे आकडे कुणीही संगणकावर बदलेल. त्या चौकोनातला मजकूर मात्र सरकारी डिजिटल सहीनं बांधलेला असतो.

तिनं आधी अमावास्येचं बिल स्कॅन केलं. कागदावर नंबर होता ०२१८; मोबाइलवर उमटला २१८, आणि तारीख जुलैची. धनश्रीनं संगणकात २१८ शोधलं. पैसे देऊन झाले होते, मागंच, जुन्या खात्यात. नंबरासमोर एक शून्य लावून आणि तारीख बदलून तेच बिल पुन्हा तिच्या टेबलावर आलं होतं.

"म्हंजी एका मालाचे दोनदा?" अण्णा म्हणाले.

"हो. आणि आपल्या संगणकाला शून्याचा फरक म्हणजे नवं बिल वाटलं असतं. म्हणून मी शून्यं काढून शोधते."

मग पहिलं बिल. ह्याची गाडी खरंच आली होती, बिभीषणकडं काट्याची पावती होती आणि वजनही जुळत होतं. पण मोबाइलवर रक्कम उमटली नऊ लाख चाळीस हजार, आणि कागदावर होते बारा लाख दहा हजार. खरेदी आदेश काढून पाहिला तेव्हा दर उघडा पडला: ठरलेल्यापेक्षा किलोमागं बरेच रुपये चढवले होते आणि खाली कर अगदी व्यवस्थित काढून बेरीज जुळवली होती. ज्यानं कुणी केलं त्याला हिशेब येत होता. फक्त त्याला चौकोन बदलता आला नव्हता.

धनश्रीनं बँकेच्या पानावर नवा खाते क्रमांक टाकला आणि पैसे न पाठवता खातेदाराचं नाव विचारलं. सूर्यभानशेठच्या कारखान्याचं नाव आलं नाही. भलत्याच कुण्या ट्रेडर्सचं आलं, आणि शाखेचा कोड परराज्यातला होता.

"अण्णा," धनश्री म्हणाली, "मगाशी तुमच्याशी गोड बोलला, तो ह्याच ट्रेडर्सचा माणूस."

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

तेवढ्यात जुन्या नंबरावरून फोन आला. सूर्यभानशेठच बोलत होते. रानात गेले होते, मोबाइल घरी राहिला होता. त्यांनी आधी पाऊसपाण्याची चौकशी केली. धनश्रीनं त्यांना तिथंच थांबवलं आणि सगळं सांगितलं.

"बाई, खातं तेच हाय, जुनं," सूर्यभानशेठ म्हणाले. "मी कसलंच पत्र धाडलं न्हाई. म्हंजी माझ्या मेलमधी कुनीतरी घुसलंय. तुमच्यासारकं अजून धा गिऱ्हाइकांना गेलं असंल." आणि मग घाईघाईनं म्हणाले, "गाडी सकाळी येती. पैशाचं नंतर बघू."

त्यानंतरची दुपार धनश्रीनं फोनवर काढली. सूर्यभानशेठकडून नावं घेऊन तिनं आणि त्यांनी मिळून एकेका डेअरीला सावध केलं. श्रीगोंद्याकडची एक डेअरी मंजुरीचं बटण दाबायच्या बेतात होती. कोपरगावच्या एका डेअरीनं तर सकाळीच पैसे पाठवले होते. तिथला लेखापाल रडकुंडीला आलेला. धनश्रीनं त्याला फोनवरच दटावलं: रडायला नंतर वेळ आहे, आधी सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरावर तक्रार कर, व्यवहाराचा नंबर हाताशी ठेव आणि मग बँकेत जा. त्यानं तसंच केलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. त्या ट्रेडर्सच्या खात्यातली बहुतेक रक्कम उचलायच्या आत रोखली गेली होती. तो पुन्हा रडला, पण ह्या वेळी धनश्रीनं दटावलं नाही. तिचेही डोळे भरून आले होते.

सकाळी सूर्यभानशेठची गाडी आली, लाइन थांबली नाही आणि संचालक मंडळात जाब विचारायचा विषयच निघाला नाही. उलट अण्णांनीच उभं राहून सांगितलं, "चूक माझी हुती. बाईनं माझं ऐकलं असतं, तर आज मी सभासदांना तोंड दाखवायच्या लायकीचा न्हाई ऱ्हायलो असतो." आणि त्याच सभेत ठराव झाला की कुणाचंही खातं बदलायचं, तर आधी नोंदलेल्या नंबरावर धनश्री मॅडमचा फोन जाईल, मग तो माणूस कोणीही असो.

रिबेट ठरल्या दिवशी वाटला गेला. संघाच्या पटांगणात मांडव होता, पेढ्यांची खोकी होती, आणि गावोगावच्या बायाबापड्यांच्या मोबाइलवर मेसेज येत होते तसा एकेका कोपऱ्यातून गलका उठत होता. धनश्री यादी घेऊन टेबलाशी बसली होती. अण्णा दूध घालणारे जुने सभासदही होते. गर्दीतून वाट काढत ते आले आणि तिच्यापुढं हातानं लिहिलेला कागद ठेवला.

"बाई, माझा रिबेट ह्या वर्षी सूनबाईच्या खात्यात टाका. लिहून दिलंय."

धनश्रीनं कागद वाचला, सही पाहिली, बाजूला ठेवला आणि मोबाइल उचलून नंबर लावला.

अण्णांच्या खिशात फोन वाजला. मांडवातली सगळी माणसं वळून बघायला लागली. अण्णांनी फोन काढला, नाव वाचलं, समोर हातभर अंतरावर बसलेल्या धनश्रीकडं पाहिलं, आणि दूध संघाच्या चेअरमननी, तीनशे सभासदांसमोर, मुकाट्यानं फोन कानाला लावला.

"हॅलो," ते म्हणाले. "व्हय, राधाकृष्णच बोलतोय. खातं मीच बदललंय."